साडेसातची मीटिंग साडेसहाला का येते?

जानेवारीपासून दर सोमवारी संध्याकाळी साडेसातला असलेला न्यूयॉर्कचा कॉल मार्चमधल्या एका सोमवारी पुण्याच्या कॅलेंडरवर साडेसहाला येऊन बसतो. कोणी वेळ बदललेली नसते, नवा इन्व्हाइट आलेला नसतो. साडेसातच्या हिशोबाने कामे लावलेली माणसे धावतपळत कॉलला जोडली जातात, तोपर्यंत तिकडे अर्धी चर्चा उरकलेली असते. न्यूयॉर्कच्या मंडळींना यात काहीच वेगळे वाटत नाही. त्यांची मीटिंग गेल्या सोमवारीही सकाळी नऊला होती आणि आजही नऊलाच आहे.

कारण सर्वांना ढोबळमानाने ठाऊक असते: अमेरिकेत घड्याळ तासभर पुढे गेले, भारतात गेले नाही. पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. एका कॉलची वेळ सरकते आणि दुसऱ्याची सरकत नाही, असे का? लंडनचा कॉल न्यूयॉर्कबरोबर न हलता तीन आठवड्यांनी का हलतो? आणि काही मीटिंगांच्या बाबतीत पुणेकर निवांत असतात, तारांबळ अमेरिकेतल्या लोकांची उडते, ती कशामुळे? याची उत्तरे दोन गोष्टींत आहेत. घड्याळे कोणत्या तारखांना हलतात ही पहिली, आणि दर आठवड्याची मीटिंग कॅलेंडरमध्ये कोणत्या गावच्या घड्याळाला बांधलेली आहे ही दुसरी.

आधी तारखा पाहू. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. ब्रिटन आणि युरोपीय संघात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. २०२६ सालचे कॅलेंडर समोर ठेवले, तर अमेरिकेच्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, तर युरोपच्या २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. म्हणजे वसंत ऋतूत तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा असा काळ येतो, जेव्हा अमेरिका उन्हाळी वेळेवर असते आणि युरोप हिवाळी. एरवी लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाच तासांचे अंतर असते, ते या दिवसांत चार तासांचे होते.

हा फरक मुळात इतका मोठा नव्हता. २००६ पर्यंत अमेरिका एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे करत असे, म्हणजे युरोपनंतर आठवड्याभराने, आणि ऑक्टोबरात दोघांची घड्याळे एकाच रविवारी मागे येत. अमेरिकी संसदेने २००५ साली ऊर्जा धोरणाचा कायदा करून उन्हाळी वेळ लांबवली आणि २००७ पासून नव्या तारखा लागू झाल्या. तेव्हापासून शरदातले अंतर नेहमी एक आठवड्याचे असते. वसंतातले मात्र कधी दोन आठवड्यांचे, कधी तीन. मार्चचा दुसरा रविवार ८, ९ किंवा १० तारखेला आला तर तीन आठवडे, आणि ११ ते १४ च्या दरम्यान आला तर दोन. २०२७ मध्ये तो १४ मार्चला येतो, त्यामुळे त्या वर्षी दोनच आठवडे. गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबून यंदाचे वेळापत्रक आखणारे बहुधा इथेच चुकतात.

भारत या सगळ्यापासून दूर आहे, याचे कारण अक्षांशांत आहे. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. लंडनमध्ये हेच आकडे सोळा तासांच्या वर आणि आठ तासांच्या खाली जातात. जिथे जूनमध्ये पहाटे पावणेचारला लख्ख उजाडते, तिथे घड्याळ पुढे करून तो उजेड संध्याकाळच्या पदरात टाकण्यात काही अर्थ असतो. पुण्यात तशी गरज पडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातही घड्याळे तासभर पुढे केली गेली होती, पण १९४५ नंतर भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, ती तिथेच आहे. त्यामुळे पुणे आणि न्यूयॉर्क यांच्यातले अंतर हिवाळ्यात साडेदहा तासांचे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे. लंडनशी ते हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. अमेरिकेच्या शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या भारतीयांना हा फरक तोंडपाठ असतो: न्यूयॉर्कमध्ये बाजार साडेनऊला उघडतो, म्हणजे इथे हिवाळ्यात रात्री आठला आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सातला.

आता दुसरी गोष्ट. कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची मीटिंग टाकताना ‘दर सोमवारी नऊ वाजता’ एवढे सांगून भागत नाही. कुठले नऊ, हेही नोंदवावे लागते. कॅलेंडरची वेगवेगळी अ‍ॅप्स ज्या सामायिक मांडणीत एकमेकांना इन्व्हाइट पाठवतात, तिला आयकॅलेंडर म्हणतात. न्यूयॉर्कमधल्या मॅनेजरने जानेवारीत सुरू केलेली मीटिंग त्या मांडणीत साधारण अशी दिसते:

```
DTSTART;TZID=America/New_York:20260112T090000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=MO
```

पहिली ओळ सांगते की सुरुवात १२ जानेवारी २०२६ रोजी सकाळी नऊला, न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे. दुसरी सांगते की दर आठवड्याला, सोमवारी. पुण्याचा यात कुठे उल्लेखही नाही. पुण्यातला लॅपटॉप दर सोमवारसाठी स्वतंत्र हिशोब करतो: त्या दिवशी न्यूयॉर्कात नऊ वाजतील, तेव्हा इथे किती वाजलेले असतील? २ मार्चला उत्तर येते साडेसात, ९ मार्चला साडेसहा. मीटिंग सरकलेली नसते. नोंद होती तशीच असते, बदलते ते फक्त उत्तर.

पहिल्या ओळीतला तो प्रदेश कोण ठरवतो? बहुतेक अ‍ॅप्समध्ये मीटिंग तयार करणाऱ्याच्या कॅलेंडरचा टाइम झोन आपोआप घेतला जातो. वेळेच्या चौकटीशेजारी तो बदलण्याची सोय असते, पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. समजा, त्याच न्यूयॉर्कच्या मॅनेजरने पुण्यातल्या समन्वयिकेला सांगितले, “सोमवारची मीटिंग तुम्हीच टाका, माझ्या सकाळी नऊची.” तिने जानेवारीत हिशोब केला, आपल्या कॅलेंडरवर साडेसात निवडले आणि इन्व्हाइट पाठवला. हिशोब बिनचूक होता. पण नोंद झाली ती `Asia/Kolkata` या प्रदेशात, साडेसात वाजता. दोन महिने सगळे सुरळीत चालते. ९ मार्चला पुण्याच्या कॅलेंडरवर साडेसातच दिसतात, आणि न्यूयॉर्कच्या कॅलेंडरवर तीच मीटिंग दहाला जाऊन बसते, कदाचित मॅनेजरच्या दहाच्या दुसऱ्या मीटिंगवर. मॅनेजर म्हणतात, मी नऊ सांगितले होते. समन्वयिका म्हणते, मी काहीच बदललेले नाही. दोघेही खरे बोलत असतात.

पुण्यातल्या ज्या माणसाकडे न्यूयॉर्क आणि लंडन अशी दोन्हीकडची कामे आहेत, त्याची खरी कसोटी मधल्या आठवड्यांत लागते. त्याचे रोजचे दोन कॉल आहेत असे धरू: एक लंडनने ठेवलेला, तिथल्या दुपारी एकचा, दुसरा न्यूयॉर्कने ठेवलेला, तिथल्या सकाळी नऊचा. जानेवारीत हे साडेसहा आणि साडेसात असे एकामागोमाग एक छान बसतात. २०२६ मध्ये पुढे काय होते ते पाहा. वेळा सगळ्या भारतीय, संध्याकाळच्या.

| काळ | लंडनचा कॉल | न्यूयॉर्कचा कॉल |
|---|---|---|
| ६ मार्चपर्यंत | ६:३० | ७:३० |
| ९ ते २७ मार्च | ६:३० | ६:३० |
| ३० मार्च ते २३ ऑक्टोबर | ५:३० | ६:३० |
| २६ ते ३० ऑक्टोबर | ६:३० | ६:३० |
| २ नोव्हेंबरपासून | ६:३० | ७:३० |

मार्चमधले तीन आठवडे आणि ऑक्टोबरातला एक आठवडा दोन्ही कॉल एकमेकांवर येऊन आदळतात. लंडन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडच्या लोकांना आपापला कॉल नेहमीच्या वेळेलाच दिसत असतो, त्यामुळे ही टक्कर त्यांच्या लक्षात येण्याचे काही कारणच नसते. ती फक्त पुण्यातल्या माणसाला दिसते, आणि तीही त्याने मार्चचे पान आधी उघडून पाहिले तरच. नाही तर सोमवारी संध्याकाळी ‘कॉन्फ्लिक्ट’ अशी सूचना येते, तेव्हा कोणाला नाही म्हणायचे ते ठरवायला अर्धा तासही उरलेला नसतो.

म्हणूनच फेब्रुवारीत पाच मिनिटे खर्च करून एक तपासणी करण्यासारखी आहे. कॅलेंडर दोन पानांवर उघडायचे: अमेरिकेचे घड्याळ बदलल्यानंतरचा पहिला आठवडा आणि युरोपचे बदलल्यानंतरचा पहिला आठवडा. पहिल्या पानावर जी मीटिंग तासभर अलीकडे आलेली दिसेल, ती अमेरिकेच्या घड्याळाला बांधलेली आहे. जी पहिल्या पानावर जागची हलली नाही पण दुसऱ्यावर हलली, ती युरोपच्या. दोन्ही पानांवर जी ठाम राहिली ती भारताच्या, किंवा जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या घड्याळाला बांधलेली. ही शेवटची जात पुणेकराला सोयीची वाटते, पण तिच्यामुळे गोंधळ समुद्रापलीकडे होणार आहे हे ओळखून तिकडच्यांना आधी कळवणे बरे. इन्व्हाइटच्या मजकुरात काय लिहिले आहे, यावर विसंबू नये. ‘९ ईएसटी’ असे लिहिणारे अमेरिकी सहकारी जुलैतही ईएसटीच लिहितात. काटेकोर अर्थाने ईएसटी म्हणजे हिवाळी वेळ, त्यामुळे जुलैत ते शब्दशः धरले तर कॉल तासभर उशिरा निघतो. ‘न्यूयॉर्कचे सकाळी ९’ असे शहराच्या नावानिशी लिहिले की हा प्रश्नच उरत नाही.

मीटिंग कुठल्या घड्याळाला बांधायची, हा निर्णय टाळता येत नाही. घेतला नाही, तर अ‍ॅप तो परस्पर घेऊन टाकते. मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी तो उघडपणे घेतलेला दिसतो, आणि वेगवेगळ्या दिशांनी. कुबरनेटीस या प्रकल्पाच्या अनेक गटांच्या मीटिंगा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेला बांधलेल्या असतात. तिथल्या लोकांचे वेळापत्रक वर्षभर स्थिर राहते आणि भारतातल्या सहभागींचे वर्षातून दोनदा हलते. ओपनस्टॅक प्रकल्पाने आपल्या मजकुरी चॅटवरच्या मीटिंगा यूटीसीला बांधल्या. तिथे भारतीय, जपानी, चिनी सहभागींच्या वेळा कधीच बदलत नाहीत. घड्याळ बदलणाऱ्या प्रत्येक देशातल्या लोकांच्या मात्र बदलतात. दोन्ही पद्धतींत कोणीतरी हलतेच. फरक एवढाच की कोण, हे आधी ठाऊक असते.

पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या गटासाठी हाच निर्णय आकड्यांत मांडून पाहता येतो. मीटिंग न्यूयॉर्कच्या नऊला बांधली, तर पुण्यात वर्षातून दोनदा बदल होतो, साडेसात ते साडेसहा आणि परत. लंडनला एरवी दुपारी दोन असतात, मधल्या चार आठवड्यांत एक. लंडनच्या दुपारी दोनला बांधली, तर न्यूयॉर्कला एरवी नऊ आणि मधल्या आठवड्यांत दहा. पुण्याचा बदल मार्चच्या सुरुवातीऐवजी शेवटी होतो. पुण्याच्या साडेसहाला बांधली, तर न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळी आठला बसावे लागते आणि उन्हाळ्यात नऊला. लंडनला हिवाळ्यात दुपारी एकला, उन्हाळ्यात दोनला. ज्याचे कामाचे तास आधीच काठावर आहेत, त्याच्या घड्याळाला मीटिंग बांधणे बहुतेकदा शहाणपणाचे ठरते. वरच्या उदाहरणात तो माणूस पुण्यातला आहे. न्यूयॉर्कला आठ काय आणि नऊ काय, दोन्ही सकाळच. पुण्यात मात्र साडेसात ते साडेआठचा कॉल म्हणजे घरी पोचायला रात्र.

मधले आठवडे तेवढे अडचणीचे असतील, तर अख्खी मालिका हलवण्याची गरज नसते. नेमक्या त्या तीन सोमवारांची वेळ एकेक करून बदलता येते. कॅलेंडर त्यांना मूळ नियमाचे अपवाद म्हणून वेगळे नोंदवते आणि ३० मार्चपासून जुना नियम आपोआप चालू होतो. बदल करताना अ‍ॅप विचारते, ‘फक्त ही मीटिंग, की ही आणि यापुढच्या सगळ्या?’ घाईत दुसरा पर्याय निवडला, की तीन आठवड्यांची तडजोड वर्षभराची होऊन बसते. हा बदलही मीटिंगच्या ऑर्गनायझरनेच करायचा. पुण्यातल्या एकाने आपल्यापुरती वेळ ओढून घेतली, तर बाकीच्यांच्या कॅलेंडरवर काहीच हलत नाही.

गटात दक्षिण गोलार्धातले कोणी असेल, तर गणित आणखी वेगळे होते, कारण तिथले ऋतू उलटे. सिडनीत उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते. न्यूयॉर्कमधली सोमवार संध्याकाळची पाचची मीटिंग जानेवारीत सिडनीत मंगळवारी सकाळी नऊला असते. ८ मार्चला न्यूयॉर्कचे घड्याळ पुढे गेले, की ती सिडनीत आठला येते. ५ एप्रिलला सिडनीचे घड्याळ मागे आले, की सातला. न्यूयॉर्कमध्ये तिळमात्र बदल न होता, महिन्याभरात सिडनीकराची सकाळ दोन तासांनी अलीकडे ओढली जाते. पुणे आणि सिडनी यांच्यातला बदल तर अमेरिकेच्या नेमका उलट. सिडनीच्या दुपारी चारला बांधलेली मीटिंग पुण्यात मार्चमध्ये सकाळी साडेदहाला असते आणि एप्रिलमध्ये साडेअकराला. त्यातही ऑस्ट्रेलियातले क्वीन्सलँड घड्याळ बदलतच नाही. तसेच अमेरिकेतले अ‍ॅरिझोना राज्यही, तिथला नवाहो लोकांचा प्रदेश वगळता. फिनिक्समधल्या सहकाऱ्याला न्यूयॉर्कचा नऊचा कॉल हिवाळ्यात सकाळी सातला घ्यावा लागतो आणि उन्हाळ्यात सहाला.

हे सगळे हिशोब कॅलेंडर आपोआप करते, ते एका सामायिक यादीच्या भरवशावर. जगातल्या प्रत्येक प्रदेशाने कधी, किती घड्याळ हलवले आणि पुढे कधी हलवणार, याची नोंद ठेवणारा हा टाइम झोन डेटाबेस आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला आणि पुढे पॉल एगर्ट त्याची देखभाल करू लागले. फोनपासून सर्व्हरपर्यंत असंख्य यंत्रे तो वापरतात. `America/New_York`, `Asia/Kolkata` ही नावे त्यातलीच. सरकारे नियम बदलतात तेव्हा यादीची नवी आवृत्ती निघते आणि ती यंत्रांपर्यंत पोचावी लागते. पोचायला उशीर झाला की काय होते, ते २००७ साली कार्यालयांनी अनुभवले. अमेरिकेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा मार्चमधल्या त्या वाढीव तीन आठवड्यांत पडणाऱ्या, पण जुन्या नियमांवर आधी टाकून ठेवलेल्या मीटिंगा आउटलुकमध्ये तासभर चुकीच्या दिसू लागल्या. मायक्रोसॉफ्टला त्या दुरुस्त करण्यासाठी खास साधन द्यावे लागले.

त्या वेळी नियम दीड वर्ष आधी तरी जाहीर झाला होता. मेक्सिकोने २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात देशाच्या बहुतांश भागात उन्हाळी वेळ रद्द केली, ती संसदेच्या मंजुरीनंतर काही दिवसांतच. ज्या फोनमध्ये यादी जुनीच राहिली, त्याने पुढच्या एप्रिलमध्ये घड्याळ पुढे ढकलणे ओघानेच आले. लेबनॉनने तर २०२३ साली कमाल केली. रमजानमुळे उन्हाळी वेळ महिनाभर पुढे ढकलत असल्याचे सरकारने ती सुरू होण्याच्या जेमतेम तीन दिवस आधी जाहीर केले. मॅरोनाइट चर्चने आणि काही वृत्तवाहिन्यांनी ते मानले नाही, देशात काही दिवस दोन वेळा चालल्या, आणि आठवडा संपायच्या आत सरकारने निर्णय मागे घेतला. टाइम झोन डेटाबेसची एक आवृत्ती पहिल्या घोषणेसाठी निघाली आणि दुसरी ती पुसण्यासाठी.

अशा वेळी इन्व्हाइट कसा साठवला आहे, याला महत्त्व येते. ज्या प्रणालीने बैरूतच्या सकाळी दहाच्या पुढच्या सगळ्या मीटिंगा आधीच यूटीसीत रूपांतरित करून ठेवल्या होत्या, तिच्यासमोर प्रत्येक मीटिंग पुन्हा तपासण्याचे काम उभे राहणार. जिने `Asia/Beirut`, सकाळी दहा, एवढेच लिहून ठेवले होते, तिला यादीची ताजी आवृत्ती मिळताच बैरूतमध्ये पुन्हा दहाच दिसणार, आणि पुण्यातल्या सहकाऱ्याला दीड किंवा साडेबारा यांपैकी त्या दिवशी जे खरे असेल ते.